तीस सेकंदांत एकच गोष्ट: पंपाच्या स्पेक शीटमधून व्हिडिओचं वाक्य कसं निघतं

भोसरी एमआयडीसीत बोअरवेलचे पंप बनवणारा एक छोटा कारखाना आहे. त्यांच्या १ एचपी सिंगल फेज सबमर्सिबल पंपासाठी ३० सेकंदांचा व्हिडिओ लिहायचं काम माझ्याकडे आलं. मालकांनी स्पेक शीट, म्हणजे पंपाची तांत्रिक माहिती असलेला एक ए-फोर कागद हातात दिला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत छापलेला, छत्तीस ओळींचा. "सगळं यात आहे," ते म्हणाले, "यातलं काही सुटायला नको."

त्यांचं म्हणणं मला समजतं. त्या कागदावरच्या प्रत्येक ओळीमागे कुणाचे तरी सहा-सहा महिने गेलेले असतात. पण ३० सेकंदांचा हिशेब वेगळा असतो. मराठी बोलणारा माणूस सावकाश, समजेल असं बोलला, तर ३० सेकंदांत साधारण साठ शब्द होतात. शेवटचे चार-पाच सेकंद नाव आणि फोन नंबराला जातात. मधे एखादी गोष्ट नुसती बघू द्यायची, तर तिथंही शांतता लागते. हातात उरतात पस्तीस-चाळीस शब्द. छत्तीस ओळी आणि चाळीस शब्द म्हणजे ओळीमागे एक शब्द. त्यापेक्षा एकच ओळ निवडावी आणि सगळे शब्द तिच्यावर खर्च करावेत. जाहिरातवाले ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या सुरुवातीच्या टिपणात, 'सिंगल माइंडेड प्रपोझिशन' म्हणून जी एक रिकामी ओळ ठेवतात ती याचसाठी. आतून 'आणि' काढून टाकलेलं एक वाक्य तिथं यावं लागतं.

ते वाक्य कागदावर तयार छापलेलं नसतं, तिथं असतो फक्त कच्चा माल. ते बाहेर कसं काढायचं, हे या पंपाच्या निमित्तानं सांगतो.

पहिल्यांदा मी ओळी वेगळ्या करतो. कुठल्याही स्पेक शीटमध्ये तीन जातीच्या ओळी असतात आणि त्या एकमेकींत मिसळून छापलेल्या असतात.

पहिली जात म्हणजे 'बसतं का' सांगणाऱ्या ओळी. पंपाचा व्यास किती, म्हणजे तो कुठल्या बोअरमध्ये उतरेल. आउटलेट ३२ मिलिमीटर. हेड १८ ते ६० मीटर. मालकांचा पहिला आग्रह याच ओळीचा होता. "साठ मीटर हेड! हे मोठं दाखवा." हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते. ऐकायला वाटतं की जितकं जास्त तितकं चांगलं. पण घेणाऱ्याला जास्त हेड नको असतं, त्याच्या बोअरला लागेल तेवढंच हवं असतं. पाणी १० मीटरवर असलेल्या माणसानं साठ मीटरवाला पंप घेतला, तर पंपाला अडवणारं काही नसतं. तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटरवर जास्त लोड येतो आणि ती तापते. हेडचा खालचा आकडा, १८ मीटर, छापलेला असतो तो त्याचसाठी. हा आकडा चपलेच्या नंबरासारखा आहे. नऊ नंबरची चप्पल आठ नंबरच्या चपलेपेक्षा चांगली, असं कुणी म्हणत नाही. अशा ओळी दुकानदाराच्या कामाच्या असतात, व्हिडिओच्या नाहीत.

दुसरी जात म्हणजे सगळ्यांकडे असणाऱ्या ओळी. सबमर्सिबल पंपांसाठीचं भारतीय मानक आहे आयएस ८०३४. त्याचा शिक्का हवाच, पण तो शेजारच्या पंपावरही असतो. स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, सलग चालण्याची क्षमता, एक वर्षाची गॅरंटी, या ओळी नसत्या तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. पण आहेत म्हणून ते थांबतं, असंही नाही.

या दोन जाती बाजूला काढल्या तेव्हा छत्तीसपैकी पाच ओळी उरल्या. वाइंडिंगचं तांबं नेहमीपेक्षा जाड. कोअरची लांबी नेहमीपेक्षा जास्त. इन्सुलेशन क्लास एफ. वजन जास्त. आणि जवळजवळ तळाशी: ऑपरेटिंग व्होल्टेज १६० ते २४०.

या पाच ओळी मला वेगवेगळ्या वाटत होत्या. कारखान्यात वाइंडिंग बघणाऱ्या इंजिनिअरसमोर कागद ठेवला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कशासाठी केलं?" तांबं जाड का? "व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते, तारेनं तो सोसला पाहिजे." कोअर लांब का? "वाइंडिंगचे वेढे कमी ठेवलेत, म्हणजे १६० लासुद्धा मोटरमध्ये दम राहील. पण मग २४० ला लोखंड कमी पडतं, म्हणून लोखंड वाढवलं." क्लास एफ? "तापली तरी १५५ डिग्रीपर्यंत इन्सुलेशन टिकतं." वजन? तांबं आणि लोखंड वाढलं म्हणून वाढलं.

म्हणजे पाच ओळींत एकच गोष्ट होती. तीन ओळी कारणं होत्या, वजन आणि व्होल्टेज हे त्यांचे परिणाम. दाट स्पेक शीट वाचताना हे नेहमी शोधावं. बनवणाऱ्यानं एक निर्णय घेतलेला असतो आणि तो निर्णय कागदावर चार ठिकाणी चार नावांनी सांडलेला असतो. 'कशासाठी?' विचारत गेलं की त्या ओळी एकमेकींना येऊन मिळतात. जिथं जास्त ओळी येऊन मिळतात, तिथं बहुतेक वेळा संदेश असतो.

पण हा अजून बनवणाऱ्याचा संदेश झाला. विकत घेणाऱ्याला १६० व्होल्टचं काय?

हे कळायला मी स्पेक शीट मिटून सर्व्हिसची वही मागितली. ती हातानं लिहिलेली असते आणि तिच्यातली भाषा माणसांची असते. पानांमागून पानं हेच होतं: 'मोटर जळाली, लो व्होल्टेज.' 'रात्री लावून झोपले, सकाळी बंद.' 'मोटर भरून दिली.' मोटर भरणं म्हणजे जळलेलं वाइंडिंग काढून नवं घालणं. वाघोली, उरुळी कांचन, यवत, शिक्रापूर, बहुतेक गावं शहराच्या बाहेरची. तिथं संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी एकदम लागतात आणि लाइनीच्या टोकाच्या घरात व्होल्टेज पार खाली येतं.

यामागची गोष्ट साधी आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० साठी बनवलेल्या मोटरला १६० मिळालं, तर व्होल्टेज सत्तर टक्के उरतं, पण जोर निम्म्यावर येतो. वरचं पाणी मात्र तेवढंच जड असतं. मोटर ते रेटायला जास्त करंट ओढते. तेवढंच काम करायचं तर करंट जवळजवळ दीडपट लागतो आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे दुप्पट. बोअरच्या तळाशी हे चालू असतं आणि वर कुणाला पत्ता नसतो.

वही चाळताना सर्व्हिसचा मुलगा एक गोष्ट बोलून गेला. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची तीच ठरली. तो म्हणाला, "सर, मोटर भरायचे पैसे लोक देतात. रडतात ते वर काढायला." दोनशे फुटांवरची मोटर वर काढायची म्हणजे तिकाटणं, चेन कप्पी, तीन-चार माणसं, एकेक पाइप खोलत वर आणायचा, दुरुस्ती झाली की पुन्हा तसंच खाली सोडायचं. तोवर घरात टँकर. जळाल्याचा खरा खर्च या खटाटोपात असतो. स्पेक शीटमध्ये यासाठी एकही ओळ नाही, आणि असूही शकत नाही, कारण ती पंपाबद्दल असते. ही ओळ माणसाबद्दलची आहे.

त्या वहीतून अजून एक गोष्ट मिळाली, शब्द. स्पेक शीटवर सगळीकडे 'पंपसेट' होतं. वहीत तो शब्द एकदाही नव्हता. लोक 'मोटर' म्हणतात. बोअरची मोटर, मोटर लाव, मोटर बंद कर. मग व्हिडिओतही मोटरच.

आता वाक्य. माझ्या वहीत ते असं असं बदलत गेलं.

'१६० ते २४० व्होल्टवर चालणारी मोटर.' खरं आहे, पण ही स्पेक शीटचीच ओळ झाली. ऐकणाऱ्याला पोटात काही होत नाही.

'लो व्होल्टेजमध्येही दमदार.' हे कुठल्याही पंपाच्या डब्यावर छापता येईल. वाक्य तपासायची माझी एक सोपी रीत आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून वाचायचं. काही बिघडलं नाही, तर वाक्य आपलं नाही.

'व्होल्टेज पडलं तरी जळत नाही.' हे मालकांना फार आवडलं. मला भीती वाटली, कारण ते खरं नाही. १३० ला आली तर जळेल. बोअर आटलं आणि मोटर कोरडी फिरली तरी जळेल. 'कधीच नाही' असं सांगणारं वाक्य एका जळालेल्या मोटरनं खोटं ठरतं, आणि ते जळालेलं वाइंडिंग घेऊन माणूस दुकानात उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचनाही आल्या. जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे आणि खालच्या बारीक अक्षरांनी वरचा मोठा दावा फिरवता कामा नये, हे त्यात स्पष्ट आहे. 'जळत नाही' म्हणून मोठ्यानं सांगायचं आणि खाली 'अटी लागू' लिहायचं, हे चालत नाही. चालत असतं तरी मी केलं नसतं.

मग आलं: 'एकशे साठ व्होल्टलाही सुरू होते.' हे मला स्वतःला आवडलं. आकडा आहे, क्रियापद ठोस आहे आणि दाखवता येण्यासारखं आहे. बटण दाबायचं, पाणी यायचं. स्क्रिप्टही लिहून झाली. अंगणातलं पॅनेल, व्होल्टमीटरचा काटा १६० वर, नवरा बटणापाशी हात थांबवून म्हणतो, "अगं, आत्ता लावली तर जळेल." बायको म्हणते, "ही एकशे साठला सुरू होते. लावा तुम्ही."

शूटिंगच्या आधी मी नेहमी दावा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतो. कारखान्याच्या टेस्टिंग टाकीपाशी गेलो. व्होल्टेज खालीवर करायला तिथं डिमरस्टॅट असतो. मोठी गोल चकती असते, ती फिरवली की बाहेर येणारं व्होल्टेज बदलतं. चकती फिरवून काटा १६० वर आणला आणि बटण दाबलं. टाकीतून नुसता 'घूंऽऽ' असा आवाज आला. पाणी नाही. इंजिनिअरनं दोन सेकंदांत बंद केलं.

"हे कसं?" मी विचारलं.

"सर, १६० ला चालते. सुरू व्हायला जास्त लागतं."

मग त्यांनी समजावलं. थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढा करंट गेला की आधीच अशक्त असलेली लाइन आणखी खाली जाते. बटण दाबण्यापूर्वी काटा १६० दाखवत होता, पण दाबल्याक्षणी मोटरपर्यंत त्याहून कितीतरी कमी पोचलं. कागदावर 'ऑपरेटिंग' लिहिलं होतं, 'स्टार्टिंग' नाही. फरक एका क्रियापदाचा होता आणि तो मी माझ्या सोयीनं बदलला होता.

या कामात माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथं होतात. आकडा कुणी सहसा बदलत नाही, तो कागदावर छापलेला असतो. बदलतं ते क्रियापद. 'चालते' चं 'सुरू होते' होतं, 'सोसते' चं 'टिकते' होतं, 'पाण्याचे शिंतोडे चालतील' चं 'पाण्यात चालेल' होतं. वाक्य घासूनपुसून छोटं करताना हे नकळत होतं, कारण छोटं क्रियापद नेहमी जास्त मोठं वचन देतं. त्यामुळे शेवटचं वाक्य ठरलं की मी ते बनवणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि फक्त क्रियापदाबद्दल विचारतो, "असंच होतं का?"

घरी येऊन सर्व्हिसच्या वहीची माझी टिपणं पुन्हा काढली. आणि लक्षात आलं की उत्तर तिथंच होतं. 'रात्री लावून झोपले, सकाळी बंद.' 'मोटर लावून शेतात गेलो.' काटा खाली दिसत असताना माणूस मोटर लावतच नाही, तो जाणता असतो. मोटर जळते ती लावल्यानंतर, कुणी जवळ नसताना व्होल्टेज पडतं तेव्हा. म्हणजे खरी भीती 'सुरू होईल का' ही नव्हतीच. खरी भीती होती 'मी बाजूला गेलो आणि व्होल्टेज पडलं तर?' आणि कागदावरचं 'ऑपरेटिंग' नेमकं त्याच भीतीला उत्तर देत होतं. माझं वाक्य खोटं होतंच, शिवाय चुकीच्या क्षणाचं होतं.

नवं वाक्य: 'चालू मोटर, व्होल्टेज १६० वर आलं तरी पाणी देत राहते.'

हे मी स्वतःसाठी लिहिलेलं वाक्य. ब्रीफमधलं वाक्य आणि पडद्यावर बोलायचं वाक्य एकच असायला हवं असं नाही. ब्रीफचं वाक्य अचूक असावं लागतं, पडद्यावरचं कानात राहणारं. पडद्यावरचं झालं: 'दिवा मंदावला. पाणी चालूच.'

आता ते दाखवायचं कसं हेही वाक्यानंच सांगितलं. डिमरस्टॅटला मोटर आणि एक बल्ब, दोन्ही जोडायचे. बल्ब तारेचा, १०० वॉटचा. हल्लीचे एलईडी दिवे यासाठी उपयोगाचे नाहीत. त्यातले बरेचसे आतल्या सर्किटमुळे १६० ला तसेच पांढरे दिसत राहतात आणि व्होल्टेज पडल्याचं लपवतात. तारेचा बल्ब मात्र लपवत नाही. १६० ला त्याचा उजेड एक तृतीयांशाहूनही कमी होतो, तार लालसर दिसते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चार दुकानं फिरल्यावर एक मिळाला. व्होल्टमीटरही चौकटीत ठेवला, कारण आकडा दिसायला हवा. पण लांबून, मोबाइलच्या पडद्यावर, उन्हात बघणाऱ्याला काटा दिसेलच असं नाही. लाल पडत जाणारा बल्ब कुणालाही दिसतो.

एक अट मी सोडली नाही: तो शॉट मधे कापायचा नाही. मोटर चालू, पाइपातून पाणी पडतंय, हात चकती फिरवतो, काटा २३० वरून हळूहळू १६० वर येतो, बल्ब लाल होतो, पाणी पडतच राहतं. सोळा सेकंद. तीस सेकंदांतले निम्म्याहून जास्त सेकंद एकाच शॉटला दिले म्हणून मालक अस्वस्थ झाले. त्यांना कारखाना, ट्रॉफ्या आणि पंपाच्या आतले स्टेज दाखवणारी थ्रीडी आकृती घालायची होती. पण मधे एक जरी कट आला, तरी बघणारा म्हणतो, 'तिथं बदललं असेल.' आणि तो तसं म्हणतो हे बरोबरच आहे. पुरावा द्यायचा तर तो सलग द्यावा लागतो.

त्या सोळा सेकंदांत एक खरी गोष्ट दिसते. १६० ला पाण्याची धार किंचित आखूड होते, कारण मोटरचा वेग थोडा कमी होतो. कॅमेरामन म्हणाला, "हे एडिटमध्ये सावरता येईल." मी नको म्हटलं. वाक्य 'पाणी देत राहते' असं आहे, 'तेवढंच देते' असं नाही. धार थोडी आखूड झालेली दिसली म्हणून तर बाकीचं खरं वाटतं.

खाली एक ओळ आली, मराठीतच, कारण दावा मराठीत आहे आणि ज्या भाषेत दावा त्याच भाषेत खुलासा असावा लागतो: 'चालू मोटर, पॅनेलवर मोजलेलं व्होल्टेज, कंपनीने सांगितलेल्या जाडीची केबल.' केबलचा उल्लेख इंजिनिअरच्या आग्रहामुळे आला आणि तो रास्त होता. दोनशे फूट खाली पातळ वायर सोडली, तर पॅनेलवरच्या १६० मधले काही व्होल्ट वायरच खाते. ही ओळ दावा फिरवत नाही, तो कुठं मोजला ते सांगते. ती वाचून होईल इतका वेळ ठेवली.

स्क्रिप्ट शेवटी अशी उतरली. पहिले पाच सेकंद: तिन्हीसांजेचं घर, अंगणात टाकी भरतेय, आत पंखा मंदावतो. बायको: "अहो, व्होल्टेज पडलं. मोटर चालू आहे ना?" नवरा चप्पल घालून धावत निघतो आणि दारातच थांबतो. पाण्याचा आवाज येतोय. मग ते सोळा सेकंद टेस्टिंग टाकीपाशी, त्यावर फक्त एक आवाज: "दोनशे तीस. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठ." थोडी शांतता. "दिवा मंदावला. पाणी चालूच." मग नाव. मोजून अठरा शब्द, नाव सोडून.

मालकांनी एडिट बघून तीनदा विचारलं, "गॅरंटी नाही घ्यायची? आयएसआय? एका कोपऱ्यात?" हा मोह कसा महागात पडतो ते मी आधी एका दुसऱ्या कामात बघितलं होतं. चाळीस सेकंदांत सहा फायदे होते आणि कोपऱ्यात गोल स्टिकरही. सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी ज्यांना दाखवलं त्यांना विचारलं, तर उत्तर एकच: "मिक्सरची काहीतरी जाहिरात होती." कोपऱ्यातला स्टिकर गुपचूप बसत नाही. डोळा तिकडे जातो आणि नेमका त्याच वेळी बल्ब लाल होत असतो.

म्हणून या वेळी मालकांना शब्दानं पटवण्याऐवजी दोन एडिट केले. एक स्टिकरवाला, एक बिनास्टिकरचा. यवतच्या एका डीलरच्या काउंटरवर येणाऱ्यांना, काहींना हा आणि काहींना तो, फक्त एकदा दाखवला. दुसऱ्या दिवशी डीलरनंच फोन करून प्रत्येकाला एक प्रश्न विचारला: "काल काय बघितलं?" 'आवडलं का' हा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला सगळे हो म्हणतात. माणसं मोजकीच होती, त्यामुळे यातून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. पण बिनास्टिकरवाला बघितलेल्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि बहुतेकांनी बल्बपासून सुरुवात केली. स्टिकरवाला बघितलेल्यांतल्या दोघांनी गॅरंटी सांगितली आणि बल्ब विसरले. मालकांनी ते स्वतः फोनवर ऐकलं आणि स्टिकर काढायला सांगितलं.

हेच वाक्य सगळीकडे चालेल असं मात्र नाही. कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा व्हिडिओ दाखवला, तर तो विचारेल, "आमच्याकडे व्होल्टेज कुठं पडतं?" त्याची काळजी वेगळी, बहुधा लाइट बिलाची किंवा पहाटेच्या आवाजाची. त्याच्यासाठी त्याच स्पेक शीटमधून दुसरी ओळ वर येईल आणि तिचा वेगळा व्हिडिओ होईल. मालक म्हणाले, "मग दोन्ही एकात घेऊ की." ते मात्र करता येत नाही. यवतचा माणूस बिलाचं ऐकताना बल्ब विसरतो आणि कोथरूडच्या माणसाला बल्ब बघताना वाटतं की हे आपल्यासाठी नाही.

उरलेल्या एकतीस ओळींचं काय झालं हेही सांगतो, कारण मालकांची खरी चिंता तीच होती. त्या गेल्या नाहीत. त्या डीलरच्या काउंटरवर आहेत. व्हिडिओ आल्यावर एकदा मी तिथं बसलो होतो. एक गृहस्थ मोबाइल पुढे करून म्हणाले, "ती बल्ब लाल होतो ती मोटर आहे का तुमच्याकडे?" डीलरनं खुर्ची ओढली, ड्रॉवरमधून तो ए-फोर कागद काढला, हेडच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, बोअर किती फुटांचं? पाणी कितीवर लागतं? आणि टाकी किती उंच आहे?"